लिंक भलत्याच प्रोफाइलमध्ये उघडते? या चुका टाळा

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचे खजिनदार काका दर महिन्याला मेंटेनन्सच्या हिशेबाची गूगल शीट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. मागे एकदा शेजारच्या ताईंनी लॅपटॉपवरच्या व्हॉट्सअॅपमधून ती लिंक उघडली, तर हिशेबाऐवजी परवानगी मागा असं सांगणारं पान आलं. त्यांनी `Request access` दाबलं. काकांनी मेल पाहिला, मंजुरी दिली. संध्याकाळी ताई दुसऱ्या खिडकीतून शीट उघडायला गेल्या, तर पुन्हा तेच पान. काका म्हणाले, "अहो, सकाळीच दिली की परवानगी!" ताई म्हणाल्या, "मग मला का दिसत नाहीये?"

दोघंही बरोबर होते. ताई घरून हिंजवडीतल्या कंपनीचं काम करतात, आणि त्यांच्या क्रोममध्ये दोन प्रोफाइल आहेत: एक ऑफिसचं, एक घरचं. सकाळची लिंक ऑफिसच्या प्रोफाइलमध्ये उघडली, त्यामुळे परवानगी मागितली गेली ती ऑफिसच्या मेल पत्त्यावरून, आणि मिळालीही त्याच पत्त्याला.

पहिली चूक हीच, आणि माझ्या मते सगळ्यात महागडी. परवानगी माणसाला मिळत नाही, खात्याला मिळते. आमच्या शीटमध्ये सभासदांचे फोन नंबर आहेत, थकबाकीही आहे. ते सगळं आता कंपनीच्या ताब्यातल्या एका खात्याला दिसत होतं. म्हणून असं पान आलं की बटण दाबण्याआधी त्या पानावर कोणता मेल पत्ता लिहिलाय तो वाचा. पत्ता भलता असेल तर अॅड्रेस बारमधली लिंक कॉपी करून योग्य प्रोफाइलच्या खिडकीत पेस्ट करा. काकांना आम्ही शीटच्या `Share` मध्ये जाऊन ऑफिसचा पत्ता काढायला आणि घरचा घालायला सांगितलं. मंजुरी देणाऱ्यानेही अनोळखी पत्ता दिसला तर आधी एक फोन करावा.

आता हे असं का होतं ते पाहू. तुम्ही व्हॉट्सअॅपमध्ये किंवा वर्डमध्ये लिंकवर क्लिक करता, तेव्हा ते अॅप विंडोजला फक्त पत्ता देतं. विंडोजला तुमचा डीफॉल्ट ब्राउझर माहीत असतो, पण त्या ब्राउझरच्या आत किती प्रोफाइल आहेत याची त्याला खबर नसते. ते पत्ता क्रोमकडे सोपवतं, आणि क्रोम तो शेवटी वापरलेल्या प्रोफाइलमध्ये उघडतं. लिंक कुठून आली, शीट कोणाची आहे, हे क्रोम बघत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर दोन्ही प्रोफाइलच्या खिडक्या उघड्या ठेवा. ऑफिसच्या खिडकीत एकदा क्लिक करा, मग व्हॉट्सअॅपमध्ये जाऊन लिंक उघडा: ती ऑफिसमध्ये जाईल. आता घरच्या खिडकीत क्लिक करून तीच लिंक पुन्हा उघडा: ती घरी जाईल. ताईंसमोर हे करून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे सकाळी मी ऑफिसचं काहीतरी बघून आले होते, एवढंच?" हो, एवढंच. लिंक क्वचित लागत असेल तर हाच उपाय पुरेसा आहे: आधी हव्या त्या खिडकीत एक क्लिक, मग लिंक. त्यासाठी खिडक्या बघताक्षणी ओळखू यायला हव्यात, म्हणून प्रत्येक प्रोफाइलला वेगळा रंग द्या.

दुसरी चूक म्हणजे या त्रासाला कंटाळून ऑफिसच्याच प्रोफाइलमध्ये घरचं गूगल खातं जोडणं. एका प्रोफाइलमध्ये दोन खाती आली की गूगल त्यांना क्रमांक देतं: आधी लॉगिन केलेलं 0, नंतरचं 1. मग पत्त्यात `/u/0/` किंवा `/u/1/` असा तुकडा दिसू लागतो, आणि लिंक बहुतेक वेळा 0 क्रमांकाच्या खात्यात उघडते. म्हणजे मूळ दुखणं तसंच राहतं, फक्त प्रोफाइलऐवजी खात्याच्या पातळीवर येतं. शिवाय `/u/1/` असलेली लिंक दुसऱ्याला पाठवू नका. तो क्रमांक तुमच्या ब्राउझरमधला आहे, समोरच्याकडे 1 क्रमांकावर वेगळंच खातं असू शकतं किंवा काहीच नसू शकतं. `Share` मधली `Copy link` वापरा.

दिवसातून दहा वेळा लिंका उघडाव्या लागत असतील, तर मी दोन ब्राउझरच वेगळे ठेवायला सांगेन. ताईंना आम्ही तेच करून दिलं: ऑफिस क्रोममध्ये, घर एजमध्ये, आणि विंडोजचा डीफॉल्ट ब्राउझर एज. त्यांना बाहेरून येणाऱ्या लिंका, म्हणजे व्हॉट्सअॅपवरच्या, बहुतेक सोसायटीच्या आणि मुलाच्या शाळेच्या असतात. ऑफिसच्या लिंका त्या क्रोममध्येच उघडलेल्या मेलमधून येतात, आणि त्या त्याच प्रोफाइलमध्ये उघडतात. बाहेरच्या लिंका जास्त करून कुठल्या कामाच्या, हे आधी दोन दिवस बघा आणि मग डीफॉल्ट ठरवा. एजची आणखी एक सोय अशी की बाहेरच्या लिंकांसाठी प्रोफाइल कायमचं ठरवता येतं. सेटिंग्जमध्ये प्रोफाइलच्या विभागात `Default profile for external links` शोधा आणि तिथे हवं ते प्रोफाइल निवडा.

एखादीच ठरलेली शीट रोज लागत असेल तर डेस्कटॉपवर तिचा शॉर्टकट करा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे शॉर्टकटमध्ये प्रोफाइलचं दिसणारं नाव लिहिणं. क्रोमला फोल्डरचं नाव लागतं. त्या प्रोफाइलमध्ये `chrome://version` उघडा आणि `Profile Path` च्या ओळीतला शेवटचा तुकडा बघा. तो `Default`, `Profile 1`, `Profile 2` असा काहीतरी असतो. ताईंचं "घर" नावाचं प्रोफाइल `Profile 2` निघालं, म्हणजे दोन्ही प्रोफाइल क्रोममध्येच ठेवली असती तर त्यांच्यासाठी शॉर्टकट असा झाला असता:

```
"C:\Program Files\Google\Chrome\Application\chrome.exe" --profile-directory="Profile 2" "शीटची लिंक"
```

हा शॉर्टकट फक्त स्वतःपुरता चालतो. व्हॉट्सअॅपमधल्या क्लिकवर त्याचा परिणाम होत नाही.

एक प्रकार मात्र प्रोफाइलच्या चुकीसारखा दिसतो आणि तसा नसतो. वर्ड किंवा एक्सेलमधल्या लिंकवर क्लिक केलं, खिडकी योग्य प्रोफाइलचीच उघडली, तुम्ही तिथे लॉगिनही आहात, तरी लॉगिनचं पान समोर येतं. कारण वर्ड आधी स्वतः त्या पत्त्यावर जाऊन बघतं. त्याच्याकडे तुमचं लॉगिन नसतं, म्हणून साइट त्याला लॉगिनच्या पानाकडे वळवते, आणि वर्ड तोच वळवलेला पत्ता ब्राउझरला देतं. काही साइट तिथून परत मूळ पानावर नेतात, काही नेत नाहीत. पडताळणी सोपी आहे: वर्डमधली लिंक उजव्या क्लिकने कॉपी करून त्याच खिडकीत पेस्ट करा. पान सरळ उघडलं तर प्रोफाइल बदलत बसू नका, दोष वर्डच्या या पद्धतीचा आहे. त्यावर रजिस्ट्रीमध्ये `ForceShellExecute` नावाची नोंद करण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने दिलेला आहे, पण त्याला अॅडमिनचे अधिकार लागतात. कंपनीचा लॅपटॉप असेल तर ते काम आयटीवाल्यांकडेच द्या आणि तोवर कॉपी-पेस्ट करा.