मग मजुमदार कुठले, लंडनचे?

एम.ए.च्या पहिल्या वर्षी १८५७ वर लिहिलेला माझा परिच्छेद मॅडमनी परत दिला. त्यावर गुण नव्हते, समासात फक्त एक प्रश्न होता. मी लिहिलं होतं, ‘इंग्रज इतिहासकार याला शिपायांचं बंड म्हणतात आणि भारतीय इतिहासकार स्वातंत्र्यसमर.’ त्याच्या बाजूला लाल शाईत लिहिलं होतं, ‘मग मजुमदार कुठले, लंडनचे?’

नागपुरात इतिहास घेऊन नव्याने येणारी बहुतेक मुलं हेच वाक्य लिहितात. ते पाठ करायला सोपं आहे, पण टिकत नाही. १८५७ च्या जुलैमध्येच, उठाव पेटलेला असताना, डिझरायलीने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विचारलं होतं की हे लष्करी बंड आहे की राष्ट्रीय उठाव. म्हणजे इंग्रजांचंही एकमत नव्हतं. पुढे शंभर वर्षं झाली तेव्हा, १९५७ साली, रमेशचंद्र मजुमदार आणि सुरेंद्रनाथ सेन या दोन बंगाली इतिहासकारांची पुस्तकं आली. सेनांना ते काम भारत सरकारने दिलं होतं, तर मजुमदारांचं पुस्तक स्वतंत्र होतं. काळ तोच, देश तोच, कागदपत्रंही बरीचशी तीच. तरी निष्कर्ष वेगळे निघाले.

हे का झालं, ते दोघांनी स्वतःला कोणता प्रश्न विचारला हे पाहिल्यावर मला कळलं. मजुमदार विचारतात, लढणाऱ्यांच्या मनात देश ही कल्पना होती का? मग ते पुढाऱ्यांचे हेतू तपासतात. कुणाला गादी हवी होती, कुणाला पेन्शन. उठावाचा नकाशाही पाहतात आणि बराच मुलूख शांत दिसतो. उत्तर येतं, नाही. सेनांचा कल लढ्याला शेवटी कोणतं रूप आलं हे बघण्याकडे आहे. धर्म वाचवायला सुरू झालेली लढाई शेवटी स्वातंत्र्ययुद्ध झाली, असं ते म्हणतात. एकजण सुरुवातीचा हेतू मोजतो, दुसरा शेवट. सावरकरांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १९०९ च्या पुस्तकासाठी त्यांनी लंडनमध्ये बसून वाचली ती मुख्यतः इंग्रजांनीच लिहिलेली पुस्तकं आणि कागद. साधनं विरुद्ध बाजूची, तरी त्यातून त्यांना स्वातंत्र्यसमर दिसलं, कारण पुढच्या लढ्याला प्रेरणा कुठून मिळेल हा त्यांचा शोध होता.

तेव्हापासून मी प्रत्येक इतिहासकारासाठी वहीत तीनच गोष्टी लिहिते: कधी लिहिलं, काय विचारलं, कशावरून ठरवलं. ‘पक्षपाती’ हा शब्द मात्र वहीत येऊ देत नाही. तो लिहिला की आपण पुढे वाचतच नाही.

सरावासाठी मी आपलंच शहर घेतलं. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. इंग्रजांच्या गॅझेटिअरप्रमाणे १८५७ मध्ये इथल्या घोडदळाने शहरातल्या असंतुष्ट मुसलमानांसोबत उठावाचा बेत केला होता. अधिकाऱ्यांनी कामठीच्या मद्रासी फौजेच्या बळावर तो मोडला. काही देशी अंमलदारांना आणि शहरातल्या दोन प्रमुख मुसलमानांना सीताबर्डी किल्ल्याच्या तटावर फाशी दिलं. दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध विधवा बाकाबाईंनी आपलं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं आणि त्यामुळे मराठी मुलूख निष्ठावान राहिला, असंही तिथेच म्हटलं आहे.

मी लिहिलेला परिच्छेद असा होता:

‘१८५७ मध्ये नागपूरचा उठाव फसला, याबद्दल वाद नाही. वाद त्याच्या अर्थाचा आहे. देशभावना होती का, या मजुमदारांच्या प्रश्नाने पाहिलं तर राज्य जाऊन तीनच वर्षं झालेली असताना राजघराणं इंग्रजांकडे उभं राहिलं, हा नकाराचा पुरावा ठरतो. सावरकरांसारखी प्रतिकाराच्या खुणा शोधणारी नजर तटावरच्या फाशींपासून सुरुवात करील. मला पहिला प्रश्न राजघराण्यासाठी योग्य वाटतो, पण घोडदळाला तो लावता येत नाही, कारण त्यांचं स्वतःचं म्हणणं या कागदात नाही. नागपूर निष्ठावान राहिलं, एवढंच त्यात आहे.’

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या होत्या. आधी वाद नसलेली गोष्ट सांगितली, नाहीतर घटनेवरच मतभेद आहेत असं वाचणाऱ्याला वाटतं. आणि ‘काही इतिहासकारांच्या मते’ हे वाक्य टाळलं, कारण त्याच्यामागे कुणीच उभं नसतं. मजुमदारांनी नागपूरबद्दल असं लिहिलंय असा दावाही मी केला नाही, फक्त त्यांचा प्रश्न उसना घेतला. हा फरक सुटला तर परिच्छेद खोटा होतो.

या वेळी मॅडमनी गुण दिले. पण शेवटच्या वाक्यातल्या ‘निष्ठावान’खाली रेघ होती आणि समासात दोनच शब्द: ‘शब्द कुणाचा?’ मी घरी येऊन त्याला अवतरणचिन्हं दिली आणि पुढे ‘असं गॅझेटिअर म्हणतं’ जोडलं.