चार्ज फुल्ल, तरी दौलताबादच्या घाटात गाडी बंद

ईव्हीच्या गॅरेजात नवीन लागलात की पहिल्या महिन्यातच ही तक्रार येणार: "साहेब, शंभर टक्के दाखवते, पण चढाला लागली की झटकन बंद पडते. चावी फिरवली की परत चालू." अशा वेळी बरेच जण आधी कंट्रोलर बदलतात, कारण तो काढायला सोपा असतो. मी आधी एकच प्रश्न विचारतो: बंद पडताना डिस्प्ले विझतो की चालू राहतो?

डिस्प्ले चालू राहून फक्त मोटर मेली, तर बॅटरीला हात लावायची घाई नको. ब्रेकच्या लिव्हरचा स्विच अडकलाय का, साइड स्टँडचा स्विच, थ्रॉटलची वायर, तापलेला कंट्रोलर, हे बघा. डिस्प्लेसकट सगळं विझलं, तर वीज बॅटरीतूनच तुटते किंवा वाटेतल्या कनेक्टरवर, एमसीबीवर. पुढची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची.

छत्रपती संभाजीनगरहून रोज खुलताबादला जाणाऱ्या एका मास्तरांची गाडी होती. सपाटीला रेंज पूर्वीइतकीच, फक्त दौलताबादच्या घाटात बंद. बॅटरी 60 व्होल्टची, आत सेलचे 16 गट एकामागे एक जोडलेले, फुल्ल चार्जला 67.2 व्होल्ट. गाडी उभी असताना मीटर 66.4 दाखवत होता. त्या गाडीचा डिस्प्ले याच आकड्यावरून टक्के काढतो, म्हणून तो बिचारा खोटं बोलत नव्हता. बिघाड करंट वाहतानाच दिसतो, उभ्या गाडीत नाही. डबल स्टँडवर चाक फिरवूनही उपयोग नाही, लोडच येत नाही. ब्रेक दाबून लोड द्यायला जाल तर ब्रेकचा स्विचच मोटर बंद करतो.

म्हणून मीटरच्या वायरी नीट टेप करून पायाशी आणल्या, मागे सहकारी मीटर धरून बसला आणि चढावर गेलो. आधी कनेक्टर तपासला. एक प्रोब जोडाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे, त्याच वायरवर. चढावर करंट साधारण 30 अँपिअर. चांगल्या जोडावर इथे व्होल्टचा अगदी छोटा अंश दिसतो. 0.3 व्होल्टच्या वर गेला तर मी कनेक्टर बदलतो, कारण 30 अँपिअरला तेवढ्यावरच 9 वॅट उष्णता होते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात प्लास्टिक पिवळं पडून वितळायला लागतं. मास्तरांच्या गाडीत जोड ठीक निघाला.

मग प्रोब बॅटरीच्या आउटपुटवर. चढाला लागल्यावर व्होल्टेज 62 च्या आसपास आलं आणि एका क्षणात जवळपास शून्य. खरंच चार्ज संपला असता तर आकडा हळूहळू उतरला असता. असा धाडकन पडला म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने, बीएमएसने, आतून तोडलं. कंट्रोलरची कमी व्होल्टेजची मर्यादा अजून दूर होती.

बीएमएस एकूण व्होल्टेज चांगलं असतानाही तोडतो, कारण तो प्रत्येक गट वेगळा मोजतो. या गाडीचा बीएमएस मोबाइलला जोडता येत होता. उभ्या गाडीत सोळाही गट 4.15. चढावर पंधरा गट 3.95 च्या आसपास आणि अकरावा थेट 2.8. तोच तुटण्याचा आकडा. बेरीज करा: 15 गुणिले 3.95 अधिक 2.8, म्हणजे 62.05. मीटरवर दिसलेला आकडा हाच.

इथे गट बदलायची घाई करू नका. गटाची क्षमताच कमी झाली असती, तर रेंज घटली असती आणि थोडी गाडी चालवून थांबल्यावरही तो बाकीच्यांपेक्षा खाली राहिला असता. हा मात्र लोड काढला की लगेच बाकीच्यांच्या बरोबरीला येत होता आणि चार्जिंगला लावल्यावर उलट सगळ्यांच्या वर जात होता. डिस्चार्जला खाली, चार्जला वर, स्थिर असताना समान: हे वाढलेल्या रेझिस्टन्सचं लक्षण. तो सेलच्या आत असेल किंवा जोडपट्टीत.

पॅक उघडला. (अंगठी, कडं काढून ठेवा, पान्यांना इन्सुलेशन हवं. सेल फुगलेला दिसला तर तिथेच थांबा.) लोड देऊन मोजलं: प्रोब थेट सेलच्या टोकांवर ठेवला तर 3.94, पट्टीच्या पलीकडे, जिथे बीएमएसची वायर डकवलेली होती, तिथे 2.8. सेल चांगले होते. अकराव्या आणि बाराव्या गटामधली निकेलची पट्टी रस्त्याच्या हादऱ्यांनी चिरली होती आणि तिच्यावरची टेप तपकिरी झाली होती. चिरेवर जवळजवळ 1.15 व्होल्ट, 30 अँपिअरला सुमारे 35 वॅट, तेही बंद डब्यात.

पट्टी कापून नवी जाड पट्टी स्पॉट वेल्ड केली, पॅक हलणार नाही असा बसवला आणि पुन्हा तोच चढ. अकरावा गट इतरांच्या बरोबरीने आला.

काही गॅरेजात अशी गाडी "बीएमएस बायपास" करून देतात. गाडी पळते, मान्य. पण तेव्हा या चिरेवर करंट तोडणारं कुणीच उरत नाही, त्यामुळे माझ्याकडे असं काम आलं तर मी घेत नाही. आणि पॅक वॉरंटीत असेल किंवा आत गोंद ओतून सील केला असेल, तर उघडू नका. गटांचे आकडे लिहून ग्राहकाला द्या आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा.