सर्कलमध्ये शिरायच्या आधीच एक्झिट ठरवा

पहिल्यांदाच मोठ्या सर्कलला गाडी घालताय तर आधी बोर्डकडे बघा, त्यात खालचा रस्ता म्हणजे तुम्ही, तिथून डावीकडून एक्झिट मोजायचे. समजा दादरहून आंबेडकर रोडने किंग्ज सर्कलला आलात, जायचंय सायनला, तर माटुंगा स्टेशनकडे वळणारे रस्ते आधी लागतात, ते सोडून पुढे जायचं, म्हणून अगदी डावी लेन धरू नका, मधली धरा. पहिल्याच एक्झिटला वळणाऱ्याने डावी, उजवीकडे किंवा यूटर्नला जाणाऱ्याने आतली. मॅप ‘सेकंड एक्झिट’ म्हणाला तरी रस्त्याच्या नावावर जा, कारण छोटी गल्ली मोजली की नाही ते आपल्याला कळत नाही.

आत शिरताना उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, सिग्नल असेल तर अर्थात सिग्नलच. आधीची एक्झिट मागे पडली की लगेच डावा इंडिकेटर, डाव्या आरशात बाईक बघा (असतेच!) आणि मग हळूहळू बाहेर. चुकली एक्झिट? ब्रेक मारू नका, रिव्हर्स तर नाहीच, अजून एक चक्कर मारा.