डिस्काउंटला घेतलेल्या बाँडची वायटीएम काढताना सहामाहीत विचार करा

समजा 100 रुपये दर्शनी किंमतीचा, 7 टक्के कूपनचा, 5 वर्षं उरलेला बाँड 95 ला मिळाला. व्याज सहामाही येतं, म्हणजे दर वेळी 3.50 रुपये आणि असे 10 हप्ते, आणि शेवटी 100 परत, मग वरचे 5 रुपये पण कमाईच ना, म्हणून नुसतं 7 भागिले 95 करून 7.37 टक्के धरू नका. एक्सेलमध्ये हे टाका:

```
=RATE(10,3.5,-95,100)*2
```

95 च्या आधी मायनस विसरलात की #NUM! येतो (माझं दरवेळी होतं). उत्तर 8.24 टक्के, सहामाही 4.12 ची दुप्पट. बाँडची वायटीएम सहसा अशीच सांगतात, पण एफडीच्या वार्षिक यील्डशी तुलना करायची तर 1.0412 चा वर्ग करा, 8.41 निघेल. उत्तर 7.37 पेक्षा कमी आलं तर कुठेतरी चुकलंय, बहुतेक शेवटी *2 करायचं राहिलंय. हा हिशोब कूपनच्या तारखेला घेतलेल्या बाँडचा, मधेच घेतला असेल तर YIELD वापरा, त्यात साचलेलं व्याज वगळून किंमत द्यायची.