निवृत्त होणाऱ्या बाईंना लिहिलेले आभारपत्र कोरडे वाटत असेल तर

‘आपण आमच्या जीवनाला योग्य दिशा दिलीत, आपले अमूल्य मार्गदर्शन सदैव स्मरणात राहील’ असा मसुदा तयार होतो, पण तो कोणत्याही शिक्षकाला चालेल असा असल्यामुळे आपल्या बाईंपर्यंत पोहोचत नाही.

१. दुसऱ्या शिक्षकांचे नाव घातले तरी जे वाक्य तसेच चालेल, त्याखाली रेघ ओढावी आणि ते काढून टाकावे.

२. ‘मार्गदर्शन’ या शब्दाच्या जागी, बाई नेमके काय करत असत ते लिहावे, आणि त्यातले आज आपल्या कामात काय उरले आहे ते लगेच जोडावे. गणिताच्या बाईंसाठी वरचा मसुदा असा बदलता येईल:

‘बाई, नववीत माझे उत्तर चुकले, तरी तुम्ही सगळ्या गणितावर फुली मारत नसायचात, जिथे पायरी चुकली तिथे पेन्सिलीने गोल करून बाजूला “इथपर्यंत बरोबर” असे लिहायचात. आज बँकेत हिशेब जुळला नाही की मी सगळे खोडत बसत नाही, शेवटची बरोबर नोंद शोधून तिथून पुढे जाते. ही सवय तुमची आहे. मनापासून आभार.’

३. ‘आपण’ऐवजी वर्गात वापरत होतो तेच ‘तुम्ही’ ठेवावे. दीर्घायुष्याची शुभेच्छा मात्र शेवटी एका ओळीत जरूर राहू द्यावी. ती मनापासूनचीच असते.

पत्र निरोप समारंभात मोठ्याने वाचले जाण्याची शक्यता असते, म्हणून घरची अडचण किंवा बाईंनी गुपचूप भरलेली फी यांसारख्या गोष्टी वेगळ्या चिठ्ठीत लिहून त्यांच्या हातात द्याव्यात.