एक क्रियापद, दोन अर्थ: वात्रटिकेतली कोटी कशी बांधावी

वात्रटिकेत शब्दाचे दोन अर्थ दोन तऱ्हांनी वापरता येतात. पहिली तऱ्हा साध्या श्लेषाची. एकच शब्द येतो आणि दोन्ही अर्थ त्यात एकदम वाजतात:

लाइट गेली दुपारी
पारा घरात चढला

मे महिन्यातल्या नागपूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. कुलर बंद पडला की तापमान वाढतं आणि घरच्यांचा रागही. ही तऱ्हा बऱ्याच जणांना जमते. दुसरी थोडी अवघड, पण जास्त धारदार आहे. तिच्यात एकाच क्रियापदाला दोन नामं जोडतात. एका नामाशी त्या क्रियापदाचा शब्दशः अर्थ लागतो, दुसऱ्याशी लाक्षणिक. ती कशी बांधायची ते एका वात्रटिकेवरून पायरीपायरीने पाहू.

विषय घेऊ हिवाळी अधिवेशनाचा. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात विधिमंडळाचं वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. हे अधिवेशन बहुधा डिसेंबरात भरतं आणि विदर्भाच्या प्रश्नांना पुरेसा वेळ न देताच आटोपतं, ही इथली नेहमीची तक्रार. वात्रटिकेला एवढा ऐवज पुरतो.

पायरी 1: क्रियापद आधी

नामापासून सुरुवात केली तर शेवटी क्रियापद ओढूनताणून आणावं लागतं. म्हणून विषयाबद्दल लोक रोज जे बोलतात त्यातलं क्रियापद उचला. अधिवेशन भरतं, तापतं, गाजतं, गुंडाळलं जातं. यातलं ‘गुंडाळणं’ कामाचं, कारण हाताने गुंडाळायच्या वस्तू भरपूर आहेत आणि ‘अधिवेशन गुंडाळलं’ हे बातम्यांत सर्रास येतं. मराठीत लागणे, पडणे, काढणे, सुटणे, खाणे, मारणे ही क्रियापदंही अशीच बहुगुणी. ऊन लागतं, निकाल लागतो, नोकरी लागते. गाडी सुटते आणि पोटही सुटतं.

पायरी 2: जोडीदार शोधणं

खरी मेहनत इथे आहे. ‘गुंडाळणे’साठी तीन उमेदवार पाहू.

पहिला गाशा. तो चटकन सुचतो, पण ‘गाशा गुंडाळणे’ हा स्वतःच वाक्प्रचार आहे. गाशा आणि अधिवेशन दोन्हीकडे लाक्षणिक अर्थच लागतो, त्यामुळे ठिणगी पडत नाही. दुसरी सतरंजी. ती खरोखरच गुंडाळतात, पण मंडपवाले. अधिवेशन गुंडाळणारे वेगळे. दोन्ही कामं एकाच माणसाने केली तरच टोला त्याच्यावर बसतो, नाहीतर वाचक ‘कोणी?’ असं विचारत अडतो. तिसरी शाल. ती थंडीत अंगाभोवती गुंडाळतात, सभागृहातले मान्यवरही गुंडाळतात. कर्ता एक, एक अर्थ अंगावरचा, दुसरा कामकाजाचा. शाल पास.

जोडी ठरली की दोन सुटी वाक्यं मोठ्याने म्हणा. ‘त्यांनी शाल गुंडाळली.’ ‘त्यांनी अधिवेशन गुंडाळलं.’ दोन्ही वाक्यं विषय माहीत नसलेल्या माणसालाही सहज वाटली पाहिजेत. एकाला जरी ‘म्हणजे कसं?’ असा प्रश्न आला तर जोडी सोडून द्या. पुढे वृत्त, यमक कितीही सांभाळलं तरी ती सुधारत नाही.

पायरी 3: लिंगाचा अडसर

वरची दोन वाक्यं पुन्हा पाहा: गुंडाळली, गुंडाळलं. मराठीत भूतकाळात असं क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. शाल स्त्रीलिंगी, अधिवेशन नपुंसकलिंगी. ‘शाल आणि अधिवेशन गुंडाळलं’ म्हटलं की शाल लंगडी पडते, ‘गुंडाळली’ म्हटलं की अधिवेशन. बहुतेक फसलेल्या कोट्या इथेच फसतात. कल्पना चांगली असते, पण कानाला व्याकरण खुपतं आणि हसू यायच्या आत वाचकाचं लक्ष चुकीकडे जातं.

यावर दोन उपाय चांगले. एक, दोन्ही नामं एकाच लिंगाची निवडायची. पाऊस आणि भाव दोन्ही पुल्लिंगी, म्हणून कळमना मार्केटमधल्या संत्र्यांवर लिहिताना ‘पाऊस पडला नि भावही’ बिनधोक चालतं. दोन, क्रियापदाचं न बदलणारं रूप घ्यायचं. ‘गुंडाळून’ला लिंग नाही, वचन नाही. मागे शाल असो की अधिवेशन, ते तसंच राहतं. आपल्या जोडीला हाच उपाय लागू पडतो.

पायरी 4: ओळी बांधणं

अष्टाक्षरी घेऊ. दर ओळीत आठ अक्षरं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत यमक. मोजताना लिहिलेलं अक्षर धरायचं, उच्चार नाही. ‘शाल’ बोलताना एका झटक्यात निघते तरी तिची दोन अक्षरं. जोडाक्षर एकच, म्हणून ‘प्रश्न’चीही दोनच.

कळीचं क्रियापद शेवटी ठेवायचं म्हणजे यमक ‘गुंडाळून’शी जुळायला हवं. ‘घेऊन’ ढिलं पडतं, कारण त्यात फक्त ‘ऊन’ जुळतं. ‘टाळून’ पक्कं बसतं, आणि तक्रारही तीच आहे. पहिला खर्डा असा:

खूप बोलले थंडीत
आमचे प्रश्न टाळून
शाल नि अधिवेशन
गेले दोन्ही गुंडाळून

मोजून पाहा, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं आहेत. तरी चौथ्या ओळीत एक दोष राहिलाय, तो म्हणजे ‘दोन्ही’. कोटी कुठे आहे ते हा शब्द बोट दाखवून सांगतो. दोन गोष्टी आहेत हे वाचकाला दिसतंच आहे. त्याच मापाचा, पण काही नवं सांगणारा शब्द हवा:

खूप बोलले थंडीत
आमचे प्रश्न टाळून
शाल नि अधिवेशन
गेले घरी गुंडाळून

‘घरी’ने अक्षरं तेवढीच राहिली आणि नागपूरकराची चीडही आत आली.

तिसऱ्या ओळीतला क्रम मुद्दाम तसा आहे. पहिल्या ओळीतल्या थंडीमुळे शाल अपेक्षित वाटते, मग अधिवेशन येतं. या दोघांचा काय संबंध, हे मराठीत क्रियापद येईपर्यंत कळत नाही, आणि तेवढा वेळ वाचक लटकलेला राहतो. नामांचा क्रम उलटवला तर किरकोळ वस्तू शेवटी येते आणि वात्रटिका गमतीकडे झुकते. चिमटा काढायचा असेल तर जड गोष्ट नंतर ठेवा.

थंडीचा उल्लेखही नुसता सजावटीचा नाही. तो काढून ‘खूप बोलले येऊन’ असं केलं तर अक्षरं तेवढीच भरतात, पण शाल कुठून आली ते समजत नाही. शब्दशः अर्थाला आधार देणारा एक शब्द कोटीच्या आधी पेरलेला असावा. एकच, दोन झाले की वाचक आधीच ओळखतो.

लिहिताना क्रियापदाला अवतरण चिन्ह किंवा पुढे उद्गारचिन्ह लावू नका. वाचून दाखवताना तिसऱ्या ओळीनंतर क्षणभर थांबायचं आणि ‘गुंडाळून’ अगदी सपाट आवाजात म्हणायचं. त्यावर जोर दिला की दोनांपैकी एकच अर्थ पुढे येतो.

नागपुरी बोलीत लिहिणाऱ्याला आणखी एक सोय आहे. ‘काय करून राहिला बे’मधलं रूप चालू क्रिया दाखवतं आणि त्यातही ‘ऊन’ आहेच. ‘शाल, अधिवेशन गुंडाळून राहिले’ म्हटलं की क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, लिंगाची अडचण येत नाही आणि कामकाज डोळ्यांदेखत आटोपतंय असं दिसतं. नागपूरच्या महाल किंवा इतवारी भागात हे लगेच पोचेल. पुण्यातला वाचक मात्र याचा अर्थ ‘गुंडाळून तिथेच थांबले’ असा घेईल, म्हणजे नेमका उलटा. त्याच्यासाठी ‘गेले घरी’ ठेवा.