गाणं अपलोड करण्याआधी टक्के आणि सह्या

गाणं शुक्रवारी येणार असेल, तर त्याच्या हक्कांची आणि पैशांची वाटणी त्याआधीच्या रविवारी स्टुडिओतच, सगळे समोर असताना ठरवा. सगळ्यात आधी बिल शोधा. समजा, मानेवाड्याच्या स्टुडिओचे 18,000 रुपये गायिकेने भरले आणि रेकॉर्डिंगची सगळी जबाबदारीही तिनेच घेतली. मग कायद्याच्या दृष्टीने निर्माती तीच आणि मास्टरही तिचंच. मास्टर म्हणजे रेकॉर्ड झालेला तो आवाज. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, त्याला पब्लिशिंग म्हणतात. उद्या हेच गाणं दुसऱ्या कोणी नव्याने गायलं, तर मास्टर नवं होईल, पण शब्द-चालीचे मालक तेच राहतील.

आता एक कागद घ्या. मुखडा एकाचा, दोन्ही अंतरे दुसऱ्याचे, चाल तिसरीची. शब्दांना निम्मं, चालीला निम्मं हा रूढ हिशेब. शब्दांच्या 50 टक्क्यांत अंतरेवाल्याला 30 आणि मुखडेवाल्याला 20 असं आपसात ठरलं, तर तसंच लिहा. बेरीज बरोबर 100 यायला हवी. बासरीचा तुकडा सुचवणाऱ्या अरेंजरला चालीत वाटा आहे की फक्त मानधन, हेही तिथेच विचारा. माझ्या मते भांडणं इथेच होतात, कारण गाणं चाललं की तो तुकडाच लोकांच्या तोंडी असतो.

कागदावर प्रत्येकाचं कायदेशीर नाव आणि सही घ्या. हक्क कोणाच्या नावे करून देत असाल तर मुदत आणि प्रदेशही लिहा. ते लिहिलं नाही, तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश फक्त भारत धरतो.

मग पैसे येण्याच्या दोन वाटा तपासा. स्ट्रीमिंगचे मास्टरचे पैसे डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणं अ‍ॅप्सवर पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत, तिथल्या खातेदाराकडे, म्हणजे आपल्या उदाहरणात गायिकेकडे जातात. 1,000 रुपये आले तरी गीतकारांना त्यातलं आपोआप काही मिळत नाही. द्यायचं असेल तर वेगळा करार हवा. पब्लिशिंगचे पैसे आयपीआरएसकडून, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडून येतात. तिथे समजा 200 रुपये जमले, तर चालीला 100, अंतरेवाल्याला 60, मुखडेवाल्याला 40. गायिकेने लिहिलं नसेल, तर यात तिचं काही नाही.

त्यासाठी तिघांनीही स्वतंत्रपणे आयपीआरएसचं सदस्यत्व घ्यावं आणि गाणं सारख्याच टक्केवारीने नोंदवावं. मुखडेवाला सदस्य नसेल, तर त्याचे 40 रुपये इतर दोघांचे होत नाहीत; त्याच्यापर्यंत पोहोचतही नाहीत. एकाने शब्दांचे 50 आणि दुसऱ्याने 30 स्वतःच्या नावावर टाकले, तर बेरीज 100 च्या वर जाते आणि वाद मिटेपर्यंत पैसे अडकू शकतात.

शेवटी डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये गीतकार-संगीतकारांच्या रकान्यात तिघांची नावं भरा, ISRC, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, मिळाला की तो त्याच कागदावर लिहा आणि कागदाचा फोटो सगळ्यांना पाठवा.